३४० फोटो आणि २६ नातेवाईक: मेलमध्ये काय जोडायचं, लिंकमध्ये काय ठेवायचं

प्रश्न: आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली त्याचा कार्यक्रम केला. तीन फोन आणि एक कॅमेरा मिळून ३४० फोटो आहेत. २६ नातेवाइकांना मेलने पाठवायचेत, बरेचजण वयस्कर आहेत. पाच-पाच फोटो जोडून पाठवतोय तरी काहींचे मेल परत येतात, झिप केलं तरी साइज तेवढीच राहते. फोटो किती लहान करू? की सरळ लिंक देऊ? पण लिंक कोणी उघडणारच नाही अशी भीती वाटते.

उत्तर:

मी बरीच वर्षं घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढतो आणि नंतर ते घरच्यांपर्यंत पोचवतोही, आणि ह्या पोचवण्यातच लोक जास्त अडकतात असं मी बघत आलोय. माझ्या मते तुम्ही दोन वेगळी कामं एकाच मेलकडून करून घ्यायला बघताय. नातेवाइकांना कार्यक्रम बघायचाय, हे एक काम. त्यातल्या काहींना फोटो स्वतःकडे ठेवायचेत, छापायचेत, हे दुसरं. बघायला निवडक १५ फोटो पुरतात, पण ते मेल उघडल्या उघडल्या दिसले पाहिजेत, कुठे जा, कशावर दाबा असं नको. ठेवायला मात्र सगळे हवेत आणि मोठे हवेत, आणि ते काम लिंकचं. त्यामुळे मी दोन्ही एकाच मेलमध्ये करतो: १५ फोटो लहान करून आत जोडलेले आणि खाली पूर्ण अल्बमची लिंक.

हे सगळ्यांना लागू होईल असं नाही. एकूण फोटो वीस-पंचवीसच असते तर लिंकची भानगड करूच नका म्हटलं असतं, लहान करून दोन मेलमध्ये विषय संपला. उलट सगळे नातेवाईक एकाच फोटो अ‍ॅपवर असते तर मेलची गरज नव्हती. तुमच्याकडे माणसं मिश्र आहेत आणि फोटो ३४०, म्हणून हा मार्ग.

आधी मेल परत का येतात ते बघू, कारण ते कळलं की बाकीचे आकडे आपोआप ठरतात. फोनचा फोटो साधारण ४ एमबीचा धरा, पाच फोटो म्हणजे २० एमबी. तुम्हाला वाटतं मर्यादा २५ ची आहे, म्हणजे बसलं. पण मेल ही मुळात अक्षरं पाठवायची व्यवस्था आहे, फोटोसारखी फाइल तशीच्या तशी त्यातून जात नाही, तिचं आधी अक्षरांमध्ये रूपांतर होतं आणि त्यात दर तीन बाइटची चार अक्षरं होतात. म्हणजे जोडलेली फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते, तुमचे २० एमबी निघताना २७ च्या आसपास होतात. त्यात मर्यादा फक्त तुमच्या बाजूची नसते, समोरच्याचीही असते. जीमेल २५ एमबीपर्यंत जोडू देतं, काही सेवा त्याहून कमी, आणि ऑफिसच्या किंवा जुन्या मेलखात्यांवर १० एमबीचीही मर्यादा असते. म्हणून तोच मेल भावाला मिळतो आणि काकांकडून परत येतो.

परत आलेला मेल एकदा नीट वाचा, लोक तो न वाचताच डिलीट करतात. त्यात `552 5.3.4` असे आकडे असतात. पहिला आकडा सोडा, दुसरा बघा. `5.3.4` किंवा `5.2.3` असेल तर मेल त्यांच्यासाठी मोठा झालाय, लहान करून पाठवला की जाईल. पण `5.2.2` असेल तर त्यांची मेलपेटीच भरलेली आहे, तिथे तुम्ही फोटो कितीही लहान करा, काही फरक पडणार नाही, फोन करून त्यांना जुने मेल काढायला सांगावं लागतं. तुमच्या परत आलेल्या मेलमध्ये ह्या दोन्ही जातीचे निघतील असा माझा अंदाज आहे.

आता हिशोब करा. ३४० गुणिले ४ म्हणजे १३६० एमबी. पाच-पाचने ६८ मेल, गुणिले २६ माणसं. बरं, सगळे फोटो लहान केले, एकेक ४०० केबीचा, तरी १३६ एमबी राहतात, म्हणजे दहा एमबीची मर्यादा धरून एका मेलमध्ये ७ एमबी घातले तर वीस मेल. वीस मेल कोणी बघत नाही, तिसऱ्या मेलनंतर माणूस नंतर बघू म्हणतो आणि राहून जातं. त्यामुळे सगळे फोटो मेलमध्ये बसवायचा विचारच सोडून द्या, कितीही दाबलेत तरी.

झिपचं एका ओळीत: जेपीईजी फोटो आधीच दाबलेला असतो, झिपला त्यात काढण्यासारखं जवळपास काही उरत नाही, एखाद दुसरा टक्का कमी होतो एवढंच. वर वयस्कर माणसाला फोनवर झिप उघडणं हा त्रास, तो वेगळाच. मेलसाठी झिप करू नका.

मग फोटो लहान करायचा कसा? इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे पिक्सेल कमी करणं, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो १६०० बाय १२०० करणं. दुसरं म्हणजे पिक्सेल तेवढेच ठेवून क्वालिटीचा आकडा खाली ओढणं. दोन्हीने फाइल लहान होते पण फोटोचं जे होतं ते अगदी वेगळं. ४००० बाय ३००० म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल, बहुतेक स्क्रीनवर एवढे दिसतच नाहीत, तर जे दिसणार नाही ते आधी काढा. १६०० बाय १२०० केलं की उरतात एकोणीस लाख, म्हणजे साधारण सहावा हिस्सा, आणि फोनच्या स्क्रीनवर फरक ओळखूही येत नाही. ह्याउलट पिक्सेल तसेच ठेवून फक्त क्वालिटी खाली ओढून तेवढीच फाइल करायची म्हटलं तर गालांवर चौकोनी ठोकळे दिसायला लागतात, बॅनरवरच्या अक्षरांभोवती मळकट कडा येते, मागची एकरंगी भिंत पट्ट्यापट्ट्यांची होते. तपासायचं असेल तर फोटो पूर्ण मोठा करून कोणाच्या तरी केसांची आणि मागच्या भिंतीची कड जिथे मिळते तिथे बघा, बिघाड सगळ्यात आधी तिथे दिसतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी लांब बाजू १६०० पिक्सेल, मग क्वालिटी ८० ते ८५ च्या मध्ये. तो आकडा म्हणजे टक्के नव्हेत, ८० म्हणजे फाइल ८० टक्के उरली असं नाही, तो त्या प्रोग्रामचा आपला मोजमापाचा आकडा आहे. ९५ वरून ८५ वर आलात तर फाइल बरीच उतरते आणि डोळ्याला काही कळत नाही, ७० च्या खाली गेलात की कळायला लागतं. ह्या मापाने एक फोटो साधारण ३०० ते ५०० केबीचा होतो, झाडंझुडपं किंवा खूप गर्दी असेल तर थोडा जास्त, मागे साधी भिंत असेल तर कमी. १५ फोटो म्हणजे सहा-सात एमबी, वाटेत फुगून आठ-नऊ. दहाची मर्यादा असलेल्या खात्यातही जातो.

आता एक अपवाद, आणि तो मी मुद्दाम लांबवून सांगतो कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच फोटोच्या येतात. ग्रुप फोटो. समजा ४० माणसं तीन रांगांत उभी आहेत, एका रांगेत तेरा-चौदा. ४००० पिक्सेलच्या फोटोत एका माणसाच्या वाट्याला साधारण २८५ पिक्सेल येतात, त्यात चेहरा शंभर-सव्वाशे पिक्सेलचा, छान ओळखू येतो, मोठा करून बघितला तरी. तोच फोटो १६०० चा केला की चेहरा चाळीस-पन्नास पिक्सेलवर येतो, कोण आहे ते कळतं पण मोठा करायला गेलं की फुटतो. आणि कोणी ८०० चा करून पाठवला तर वीस-पंचवीस पिक्सेल, तिथे मागच्या रांगेतली आत्या की मावशी हे सुद्धा कळत नाही. आणि वयस्कर माणसं नेमका हाच फोटो दोन बोटांनी मोठा करून एकेक चेहरा बघत बसतात. म्हणून १५ पैकी एक ग्रुप फोटो असेल तर तो ३००० पिक्सेलचा ठेवा, दीड-दोन एमबीचा होईल, त्याच्या बदल्यात बाकीच्यातले दोन-तीन कमी करा. जवळून काढलेला एका माणसाचा चेहरा १२०० ला सुद्धा सुंदर दिसतो, जागा तिथे वाचवा. सगळ्या फोटोंना एकच माप लावायचं हा आळस आहे, त्याची किंमत ग्रुप फोटोला भरावी लागते.

प्रत्यक्ष करायचं कसं ते तुमच्याकडे काय आहे त्यावर. आयफोनवरून थेट मेल अ‍ॅपमधून पाठवत असाल तर साइज विचारली जाते, `Small`, `Medium`, `Large`, `Actual Size`, त्यातलं `Large` घ्या, पण पाठवण्याआधी एकूण किती एमबी दिसतंय ते बघा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज मोफत मिळतं, त्यातल्या इमेज रीसायझरने सगळे फोटो एकदम निवडून राइट क्लिक करून लहान करता येतात, स्वतःचं माप घालायची सोय आहे, रुंदी-उंची दोन्हीकडे १६०० घाला आणि `Fit` ठेवा म्हणजे आडवे उभे दोन्ही फोटो बरोबर बसतील. मॅकवर प्रीव्ह्यूमध्ये सगळे एकत्र उघडून `Tools` मधलं `Adjust Size` वापरा, पण फोटोंची कॉपी काढून तिच्यावर, कारण प्रीव्ह्यू त्याच फाइलवर सेव्ह करतं. आणि ज्यांना कमांड चालते त्यांच्यासाठी मी वापरतो ते इमेजमॅजिक:

```
mkdir lahan
magick mogrify -path lahan -auto-orient -resize "1600x1600>" -quality 82 *.jpg
```

ह्यात `-path lahan` म्हणजे लहान केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, `-auto-orient` म्हणजे फोन आडवा धरून काढलेले फोटो सरळ कर, आणि `>` चा अर्थ फक्त मोठे असतील तेच लहान कर, आधीच लहान असलेले ताणू नकोस. कॅमेऱ्याच्या फाइलींचं नाव बऱ्याचदा `.JPG` असं मोठ्या अक्षरात असतं, लिनक्सवर ती वरच्या कमांडमधून सुटते, तिथे शेवटी `*.JPG` पण घाला.

`-path` विसरू नका एवढं कळकळीने सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या कार्यक्रमाचं फोल्डर मी असंच लहान करायला घेतलं, वेगळं फोल्डर दिलं नाही, आणि मूळ फोटोंवरच लहान फोटो लिहिले गेले. मेल छान गेले, सगळे खूश. सहा महिन्यांनी त्यांच्या घरातलं एक माणूस गेलं आणि त्यांना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. माझ्याकडे फक्त १०२४ पिक्सेलचा उरला होता. तो छापला, पण दोन हातांवरून सुद्धा धुरकट दिसत होता, आणि त्या घरात जाऊन तो हातात देताना जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. तेव्हापासून मूळ फोटोंचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय मी कुठल्याही फोटोला हात लावत नाही. तुम्हीही आधी ते करा, मग पुढचं.

तीन फोनांपैकी एखादा आयफोन असेल तर त्याच्या फाइली `.heic` असू शकतात, आयफोनवर २०१७ पासून ती पद्धत आहे. त्या लहान असतात खऱ्या, पण जुन्या विंडोजवर उघडत नाहीत, मग फोटो आला पण दिसत नाही असा फोन येतो. मेलमध्ये जोडायचे ते `.jpg` करूनच जोडा.

आता लिंक. तुमची भीती खरी आहे, नुसती लिंक पाठवली तर अर्धे लोक उघडत नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही, त्यांना घरच्यांनीच सांगितलेलं असतं की अनोळखी लिंकवर दाबू नका. पण मेलमध्ये वर १५ फोटो आधीच दिसत असले, त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा असला, की खालची लिंक अनोळखी राहत नाही. मी मेल साधारण असा लिहितो: "काका, कार्यक्रमाचे १५ फोटो ह्या मेलमध्येच आहेत, फक्त खाली सरकवा. सगळे ३४० फोटो बघायचे असतील तर खालच्या निळ्या ओळीवर दाबा, कुठलाही पासवर्ड लागत नाही. पासवर्ड मागितला तर भरू नका, मला फोन करा." हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, एक तर माणूस निर्धास्त होतो, आणि दुसरं म्हणजे लिंकमध्ये काही बिघडलं असेल तर तुम्हाला लगेच कळतं.

बिघडतं ते बहुतेक एकाच जागी. गूगल ड्राइव्हवर फोल्डर ठेवून लिंक कॉपी केली तर `General access` खाली सुरुवातीला `Restricted` असतं, ते बदलून `Anyone with the link` करावं लागतं, आणि बाजूला `Viewer` ठेवायचं म्हणजे कोणाच्या हातून काही डिलीट होणार नाही. हे राहिलं की २६ जणांकडे परवानगी मागा असं पान उघडतं आणि तुमच्या मेलपेटीत विनंत्यांचा ढीग होतो. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर लिंक नेहमीच उघडते कारण तिथे तुम्ही लॉगिन असता, म्हणून ती तपासायची इनकॉग्निटो विंडोत, नाहीतर दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर.

कुठे ठेवायचं? बघण्यासाठी ड्राइव्हच्या फोल्डरपेक्षा गूगल फोटोजचा अल्बम बरा, फोटो मोठे दिसतात, बोटाने पुढे सरकवता येतात, आणि बघणाऱ्याचं गूगल खातं असावं लागत नाही. आयक्लाउडचा शेअर्ड अल्बम पण चालतो, पण तो फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेलवर आणून ठेवतो हे लक्षात असू द्या, बघायला उत्तम, मोठं छापायला नाही. फाइल पाठवायच्या ज्या मोफत सेवा असतात त्यांच्या लिंक काही दिवसांत बंद होतात, आणि नातेवाईक मेल तीन आठवड्यांनी उघडतात, त्यामुळे त्या ह्या कामाला नकोत. गूगलचं मोफत खातं १५ जीबीचं, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं मिळून येतं, तुमचे १३६० एमबी त्यात बसतात पण आधी किती भरलंय ते बघून घ्या. आणि अल्बम शेअर केल्यावर जागा मोकळी करायची म्हणून ते फोटो तुमच्या खात्यातून काढू नका, तुमच्याकडून गेले की अल्बममधूनही जातात, सगळ्यांच्या.

अशी लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला उघडते, कोणी पुढे पाठवली तरी. तुमच्या फोटोंत लहान मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा, आणि दोन-तीन महिन्यांनी लिंक बंद करून टाका, तोवर ज्यांना हवे त्यांनी उतरवून घेतलेले असतात. फोनच्या फोटोत कुठे काढला ते ठिकाणही लिहिलेलं असतं, कार्यक्रम घरी झाला असेल तर घराचा पत्ताच तो. गूगल फोटोजमध्ये अल्बमच्या सेटिंगमध्ये ठिकाण शेअर करायचं की नाही हे ठरवता येतं, ते बंद ठेवा. मेलमधल्या १५ फोटोंतून सुद्धा ते काढायचं असेल तर वरच्या कमांडमध्ये `-strip` घालता येतं, पण त्याने फोटो काढल्याची तारीख आणि रंगांची माहितीही जाते, आयफोनच्या फोटोंचे रंग त्यामुळे फिके दिसू शकतात. घरच्याच माणसांना पाठवताना मी ते घालत नाही.

तर तुमच्या जागी मी असतो तर आज एवढंच केलं असतं: मूळ ३४० फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग सगळे अल्बममध्ये चढवायला लावायचे आणि ते चढत असताना १५ निवडायचे, निवडताना २६ जणांपैकी प्रत्येकजण किमान एका फोटोत असेल असं बघायचं, ग्रुप फोटो मोठा, बाकी १६०० चे. मेल आधी स्वतःला आणि घरातल्या एकाला पाठवायचा, फोनवर उघडून बघायचा, लिंक तिथूनच दाबून बघायची. मग २६ जणांना, पत्ते `Bcc` मध्ये, नाहीतर प्रत्येकाचं अभिनंदन बाकी पंचवीस जणांना जातं.

छापायचं कोणी म्हणालं तर ४ बाय ६ इंचाच्या फोटोला मेलमधला १६०० पिक्सेलचा चालून जातो, इंचाला २६५ च्या वर पिक्सेल पडतात. ८ बाय १२ इंच हवा असेल तर तोच फोटो इंचाला १३३ वर येतो आणि मऊ दिसतो, त्यांना अल्बममधून मोठा उतरवून घ्यायला सांगा, आणि त्यांना ते जमत नसेल तर तेवढा एकच मूळ फोटो वेगळ्या मेलने पाठवा, ४ एमबीचा एक फोटो कुठेही अडत नाही.